शेवटचा परिच्छेद कुणासाठी?

कथा संपते आणि तिच्यानंतर आणखी एक परिच्छेद उरतो. मराठी दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांत आणि कथास्पर्धांच्या गठ्ठ्यांत हा परिच्छेद इतका ओळखीचा झाला आहे, की जुना संपादक पान न वाचताही तो कुठून सुरू होतो ते सांगू शकेल. नायकाच्या डोळ्यांत पाणी येते, त्याला काहीतरी कळून चुकते, आणि मग एक गोळीबंद वाक्य येते, जे वाचकाने वहीत उतरवून घ्यावे अशी लेखकाची इच्छा असते. हा परिच्छेद संपादकाने काढावा की ठेवावा, हा वाद जुना आहे. ठेवावा म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे, की सामान्य वाचकाला बोध स्पष्ट सांगावा लागतो, आपली कथनपरंपराच बोधाची आहे, आणि लेखकाच्या शेवटाला हात लावण्याचा अधिकार संपादकाला नाही. यांतले पहिले म्हणणे चूक आहे, दुसरे अर्धवट आहे आणि तिसरे खरे असले तरी त्याचा या प्रश्नाशी वाटतो तेवढा संबंध नाही. मात्र हे हवेत ठरवता येत नाही. त्यासाठी एक कथा समोर हवी.

नमुन्यासाठी रचलेली कथा अशी. एका गावातले दूध संकलन केंद्र. सदाशिव तिथे फॅट लावतो. यंत्रावर आकडा दिसतो, तो हाताने वहीत आणि पावतीवर लिहायचा, एवढे त्याचे काम. गोदाकाकू रोज संध्याकाळी चार लिटर गाईचे दूध घेऊन येतात. यंत्र तीन पॉइंट सहा दाखवते, सदाशिव तीन पॉइंट चार लिहितो. पॉइंटमागे तीस पैसे धरले तर लिटरला साठ पैसे, चार लिटरला दोन रुपये चाळीस पैसे. रोजचे. पुढे गाय आटते, दोन महिने गोदाकाकू केंद्रावर दिसत नाहीत. सदाशिवची बायको पोटुशी आहे, तिला खरवसाचे डोहाळे लागले आहेत, आणि विकतचा खरवस तिला नको आहे. एका सकाळी गोदाकाकूंची पाचवीतली नात दारात येते, हातात पितळी डबा, वर फडके बांधलेले. गाय व्याली, आजीने चीक पाठवला. घरात खरवस होतो. सदाशिवच्या ताटलीतही एक वडी येते. सहाव्या दिवशी गोदाकाकू पुन्हा दूध घेऊन केंद्रावर येतात. यंत्र तीन पॉइंट सहा दाखवते. सदाशिव तीन पॉइंट सहा लिहितो. गोदाकाकू पावतीची घडी करून कनवटीला लावतात.

इथे कथा संपली आहे. लेखकाची मात्र संपलेली नाही. तो पुढे लिहितो:

‘सदाशिवच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जिला अक्षर कळत नाही म्हणून आपण तीन वर्षं रोज दोन-दोन पॉइंट खाल्ले, तिनेच आपल्या बायकोसाठी चीक पाठवावा! त्याला स्वतःचीच लाज वाटली. आज त्याला कळून चुकलं, की गरीब ती नव्हती, गरीब तो होता. दुधातली फॅट मोजायला यंत्र आहे, पण माणसाच्या मनातली माया मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही. त्या दिवसापासून सदाशिवने कुणाच्याही आकड्यात कधी खोट केली नाही.’

सहा वाक्ये. कात्री लावण्याची घाई झालेला संपादक या परिच्छेदावर एक तिरपी रेघ ओढून मोकळा होईल. तेही चूकच ठरेल, कारण ही सहा वाक्ये एका जातीची नाहीत. पेन्सिल हातात घेऊन प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारावा लागतो: हे वाक्य काही नवे सांगते, की आधीच दिसलेल्याचा अर्थ सांगते?

पहिले आणि तिसरे वाक्य भावना सांगतात. सदाशिवने सहाचा आकडा लिहिला, त्यात त्याच्या मनाची हालचाल आलेली आहे. पाणी आणि लाज हे त्याच हालचालीचे भाषांतर. चौथे आणि पाचवे वाक्य निष्कर्ष आहेत, त्यांत घटना नाही. ‘कळून चुकलं’, ‘उमगलं’, ‘जाणवलं’, ‘साक्षात्कार झाला’ ही क्रियापदे शेवटच्या पानावर दिसली की संपादकाने तिथे थांबून पाहावे, कारण बहुतेक वेळा त्यांच्यापुढचा ‘की’ लेखकाच्या भाषणाचे दार उघडतो. नमुना कथेतला ‘की’ तेच करतो. गरीब कोण आणि श्रीमंत कोण हा हिशोब सदाशिव करत नाही. खांद्यावर उपरणे टाकून उभा राहिलेला लेखक करतो.

दुसरे वाक्य मात्र वेगळे आहे. त्यात दोन गोष्टी अशा आहेत, ज्या कथेत आधी कुठेही आलेल्या नाहीत. गोदाकाकूंना वाचता येत नाही, आणि ही चोरी तीन वर्षे चालली आहे. हे वाक्य सरळ खोडले तर त्याच्याबरोबर ही माहितीही जाते. मग गोदाकाकूंनी कधीच हरकत का घेतली नाही, हे वाचकाला कळत नाही, आणि शेवटी लिहिलेला सहाचा आकडा हलका पडतो. बोध काढल्यावर कथा धूसर झाली अशी तक्रार लेखक करतात, तिचे मूळ बहुतेक वेळा इथे असते. दोष खोडण्यात नसतो. जी माहिती सुरुवातीला यायला हवी होती ती लेखकाने शेवटच्या परिच्छेदात ठेवलेली असते, आणि ती वर न हलवताच संपादकाने परिच्छेद खोडलेला असतो.

म्हणून त्या दोन गोष्टी वर न्याव्या लागतात, आणि त्याही सांगण्याच्या नव्हे, दिसण्याच्या रूपात. पहिल्याच प्रसंगात गोदाकाकू पावती हातात घेतात ती उलटी, तशीच क्षणभर बघतात आणि घडी करतात. एका वाक्याचे काम. तीन वर्षांसाठी संस्थेचे कार्ड पुरते. वर्षाला एक कार्ड मिळत असेल, तर सदाशिव नवे कार्ड देताना जुनी दोन रबराने बांधतो, एवढे आले की झाले. तीनचारचा आकडाही एकदा येऊन भागत नाही. वाचक आकड्यांवरून डोळे घसरवतो. म्हणून पहिल्या प्रसंगात गोदाकाकू विचारतात, ‘‘किती लागली रं?’’ आणि सदाशिव मान वर न करता म्हणतो, ‘‘तीन-चार. कालच्याइतकीच.’’ यंत्रावर तीन-सहा दिसलेले, तोंडाने तीन-चार आलेले, वहीत तीन-चार लिहिलेले. आता शेवटी लिहिलेला सहाचा आकडा वाचकाच्या हाती आपोआप पडतो.

राहिले सहावे वाक्य. त्यात नवी माहिती आहे, शिवाय ती माणसाच्या वागण्याबद्दलची आहे. ते ठेवायला काय हरकत, असे कुणी विचारील. हरकत अशी, की ती घटना नाही, घटनेचे आश्वासन आहे. ‘त्या दिवसापासून कधी नाही’ हे कथेत कुठे दिसत नाही. लेखक हमी देतो आणि वाचकाने ती मानायची. सहाव्या दिवशीची एक पावती कथेने दाखवली आहे. सातव्या दिवसाबद्दल कथेकडे पुरावा नाही.

बोधाच्या बाजूने बोलणारे इथे म्हणतात, की ठीक आहे, वाक्ये जास्तीची असतील, पण त्यांनी बिघडते काय? ज्याला नको त्याने वगळावीत. हा युक्तिवाद समंजस वाटतो, पण सर्वांत फसवा हाच आहे. बोधाची वाक्ये कथेत फक्त भर घालत नाहीत, ती कथेतून काही काढून घेतात. शेवटच्या परिच्छेदाविना ही कथा पुन्हा वाचावी. गोदाकाकूंना वाचता येत नाही, पण नात पाचवीत आहे. तिला आकडे वाचता येतात. पावत्या घरी जातात. मग गोदाकाकूंना ठाऊक होते का? आणि ठाऊक असूनही चीक पाठवला असेल, तर ती माया होती, की शहाणपण होते, की न बोलता दिलेली समज होती? आणि सदाशिवने लिहिलेला सहाचा आकडा पश्चात्तापाचा, की खरवसाच्या वडीची परतफेड? परतफेड असेल तर ती एका दिवसाची, की कायमची? तीन वर्षांचे पैसे तो परत करणार का? दिवसाला दोन रुपये चाळीस पैसे म्हणजे तीस दिवसांचे बहात्तर रुपये, हा हिशोब वाचकाला मनातल्या मनात करता येतो. सदाशिवने तो केला का, हे कथा सांगत नाही.

हे सारे प्रश्न कथेत आहेत. शेवटच्या परिच्छेदातल्या ‘अक्षर कळत नाही म्हणून’ आणि ‘माया’ या शब्दांनी ते बंद होतात. गोदाकाकू एकदम भोळ्या, देवभोळ्या वगैरे होतात आणि सदाशिव रडून सुटतो. अश्रू हा कथेतल्या अपराध्याला मिळणारा सर्वांत स्वस्त जामीन आहे. बोध खरा असला तरी तो कथेपेक्षा लहान आहे, आणि लहान गोष्ट शेवटी ठेवली की मोठी गोष्ट तिच्या मापाने वाचली जाते. फॅट आणि माया यांचे वाक्य चटकदार आहे हे मान्य. निवेदकांना ते सूत्रसंचालनात वापरता येईल. पण ते या कथेचे वाक्य नाही. सावकार-कूळ, डॉक्टर-रुग्ण, सासू-सून अशा कुठल्याही कथेच्या शेवटी, यंत्राचे नाव बदलून, ते बसते.

‘वाचकाला कळणार नाही’ हे म्हणणे तपासण्याजोगे आहे, आणि तपासणी अवघड नाही. सुधारलेली कथा, शेवटच्या परिच्छेदाविना, तीन-चार जणांना वाचायला द्यावी. त्यांनी आधीचा मसुदा पाहिलेला नसावा, आणि ते सगळे साहित्याचे प्राध्यापक नसावेत. वाचून झाल्यावर त्यांना ‘बोध काय?’ हे विचारू नये, कारण त्या प्रश्नाने शाळेतला मुलगा जागा होतो आणि ‘नेहमी खरे बोलावे’ छापाचे उत्तर देतो. ‘काय घडलं ते सांगा’ एवढेच विचारावे. उत्तरांत दोन प्रकारचे फरक पडतात आणि ते वेगळे ओळखावे लागतात. सदाशिवने शेवटी काय लिहिले, आधी काय लिहीत होता, यावरच मतभेद झाले, तर कथेत माहितीचा खड्डा आहे. तो खड्डा सुरुवातीला भरायचा, शेवटी नाही. पण घडलेले सर्वांना नीट कळले आणि मतभेद सदाशिव सुधारला की नाही यावर झाले, तर दुरुस्त करण्यासारखे काही उरलेले नाही. बोधाचे कैवारी या दुसऱ्या मतभेदालाच ‘न कळणे’ म्हणतात. ज्या माणसाला चुलत्याने बांधावरून टाकलेल्या एका वाक्यात कितीतरी वर्षांची भाऊबंदकी ऐकू येते, लग्नाच्या आहेरात आलेल्या साडीच्या पोतावरून नात्याचे माप घेता येते, त्याला पावतीवरचा आकडा कळणार नाही, हे मानणे कठीण आहे. सामान्य वाचकाचे नाव पुढे करणाऱ्याला अनेकदा आपल्या कथेचीच खात्री नसते.

परंपरेचा मुद्दा अधिक वजनाचा आहे. पंचतंत्र आहे, ईसापनीती आहे, कीर्तनात पूर्वरंगातले निरूपण उत्तररंगातल्या आख्यानाने पटवून दिले जाते. मराठीपुरते बोलायचे तर सर्वांत चांगला दाखला महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’चा आहे. तेराव्या शतकातल्या या ग्रंथात प्रत्येक प्रकरणाची रचना तीन भागांची: सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. आधी तत्त्व, मग ते पटवणारी छोटी गोष्ट, मग गोष्टीचा तत्त्वाशी लावलेला मेळ. मराठी गद्यकथनाच्या उगमाशीच बोध उघड सांगितलेला आहे, तर आजच्या कथेने लाजावे का, असा प्रश्न येतो.

पण ही रचना जरा जवळून पाहिली तर ती उलट साक्ष देते. सूत्र आणि दृष्टांत चक्रधरांचे आहेत, दार्ष्टांतिक ग्रंथ सिद्ध करणाऱ्या केशिराजांचे. म्हणजे गोष्ट सांगणारा गोष्ट सांगून थांबला, आणि उलगडा दुसऱ्याने, वेगळ्या नावाखाली, गोष्टीच्या बाहेर उभे राहून केला. आंधळे आणि हत्ती या प्रसिद्ध दृष्टांतात एखादा आंधळा अचानक रडू लागून ‘मला कळून चुकलं’ असे म्हणत नाही. शिवाय तिथे गोष्ट सूत्रासाठी जन्मली आहे. सूत्र आधी आहे आणि ऐकणारा शिष्य आहे. दुधाच्या केंद्रावरची कथा कुठल्याही सूत्राची चाकर म्हणून लिहिलेली नाही. तिच्या अंगावर दार्ष्टांतिक चढवायचे तर आधी तिला दृष्टांताइतके सरळ आणि एकपदरी व्हावे लागेल. मग नात, पावत्या, कार्ड हे सगळे काढावे लागेल.

आणि परंपरा एवढ्यावर संपत नाही. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनाने ध्वनीचा विचार मांडताना स्पष्ट केले आहे, की सूचित झालेला अर्थ कवीने पुन्हा स्वतःच्या शब्दांत उघड केला तर ती जागा ध्वनीची राहत नाही. अकराव्या शतकात मम्मटाने रसदोषांची यादी केली, तिच्या आरंभीच रसाला किंवा भावाला त्याच्या नावाने हाक मारण्याचा दोष आहे. ‘त्याला स्वतःचीच लाज वाटली’ हे वाक्य मम्मटापुढे ठेवले असते तर त्याला विचार करावा लागला नसता. तेव्हा न सांगता सुचवणे हे पाश्चात्त्य फॅड आहे, हा आरोप करणाऱ्याने आपली परंपरा थोडी मागे जाऊन वाचावी.

आधुनिक काळातला दाखला प्रेमचंदांचा दिला जातो. १९१६ची ‘पंच परमेश्वर’ ही कथा समेट, अश्रू आणि उघड बोध यांवर संपते आणि आजही लोक ती आवडीने वाचतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्या कथेचा निर्णय त्याआधीच, पंचाच्या आसनावर बसलेल्या जुम्मनने वैऱ्याच्या बाजूने निवाडा दिला तेव्हा, झालेला आहे. वाचकाच्या लक्षात राहतो तो निवाडा. आणि त्याच प्रेमचंदांनी जवळपास वीस वर्षांनी ‘कफन’ छापली तेव्हा सुनेच्या कफनाचे पैसे पिऊन पडलेल्या बापलेकांबद्दल शेवटी एकही निष्कर्ष दिला नाही.

कात्रीला मर्यादा आहे, आणि ती न पाळल्याने झालेले नुकसानही नोंदलेले आहे. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर यांचा १९८१चा संग्रह गॉर्डन लिश या संपादकाने निम्म्याहून अधिक कापला. त्यातल्या एका कथेत वाढदिवसाच्या दिवशी मुलाला मोटारीची धडक बसते, आणि केक घेऊन जा म्हणून बेकरीवाला घरी फोन करत राहतो. मूळ मसुद्यात मुलगा जातो, आईबाप रागाने बेकरीत पोहोचतात आणि अखेर रात्रभर तिथे बसून त्याने दिलेला ताजा पाव खातात. लिशने कथा फोन वाजण्यापाशी तोडली. कार्व्हर यांनी १९८३च्या पुढच्या संग्रहात तो शेवट परत आणला. बोध काढू नये असे म्हणणारे हा दाखला आनंदाने देतात, पण तो त्यांच्या कामाचा नाही. बेकरीत पाव खाणे हा बोध नव्हे, ती घटना आहे. तिच्यात कुणी कुणाला काही शिकवत नाही. लिशने उलगडा कापला नाही, कथा कापली. नमुना कथेत याच्याशी तुलना करायची तर सहाचा आकडाच खोडून, चिकाचा डबा दारात आल्यावर थांबण्याशी करावी लागेल.

याच्या उलट टोकाला एक चोरवाट आहे, तिचाही उल्लेख हवा. संपादकाने बोध काढा म्हटले, की काही लेखक त्या जागी देखावा आणून ठेवतात. केंद्राबाहेर सूर्य मावळतो, किंवा अडकलेली चिमणी खिडकीतून उडून जाते, किंवा देवघरातली ज्योत क्षणभर मोठी होते. हा बोधच आहे, फक्त त्याने वेश बदलला आहे. ओळखण्याची खूण सोपी: चिमणी कथेत आधी कुठे होती का? नसेल तर ती फक्त अर्थ वाहून आणण्यासाठी आली आहे, आणि तिला सहा वाक्यांच्याच वाटेने बाहेर काढावे. कनवटीला लावलेली पावती चालते, कारण ती पहिल्या प्रसंगापासून कथेत आहे आणि शेवटीही ती पावतीच आहे.

उरला लेखकाच्या अधिकाराचा प्रश्न. कथा लेखकाची आहे, यात वाद नाही. म्हणूनच लेखकाला न विचारता शेवट कापून छापणे हा गुन्हा आहे, मग तो शेवट कितीही वाईट असो. पण सुचवणे आणि कापणे यांत फरक आहे. मराठीत ‘सत्यकथे’च्या काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहीत, कथा परत पाठवून पुन्हा मागवीत. त्या पद्धतीत संपादकाला कष्ट पडतात, तिरपी रेघ ओढण्यापेक्षा पुष्कळ जास्त. त्याला दाखवावे लागते, की दुसऱ्या वाक्यातली कुठली माहिती कुठे गेली, तीनचार हा आकडा किती वेळा आला, आणि घडीची पावती का पुरते. लेखकाला हे पटले नाही तर संपादकाने कथा आहे तशी छापावी किंवा साभार परत करावी. तिसरा मार्ग नाही.

नमुना कथेपुरता हिशोब असा. खाली सहा वाक्ये गेली. वर पावती उलटी धरण्याचे एक, कार्डांचे एक, आणि फॅट किती लागली या विचारण्याची दोन, अशी चार वाक्ये आली. कथा दोन वाक्यांनी लहान झाली. गोदाकाकूंना ठाऊक होते की नाही, हे आता सदाशिवलाही माहीत नाही.